‘अह्लन्’मधला ‘अन्’

मस्कतला आल्यापासून बारा वर्षं मी ‘अह्लन् व सह्लन्’ वाचत होतो. विमानतळावर, बँकेच्या दारात, हॉटेलातल्या पायपुसण्यावर. अर्थ काय, तर ‘या, स्वागत आहे’. एवढं कळलं की काम भागतं. अरबी शिकायला बसलो तेव्हा पहिल्याच गुरुवारी उस्तादांनी नेमका हाच शब्द पुढे केला. उस्ताद म्हणजे इजिप्तमधल्या एका शाळेतून निवृत्त झालेले व्याकरणाचे मास्तर, मस्कतच्या रुवी भागात मुलाकडे राहायला आलेले. म्हणाले, “अह्ल म्हणजे घरची माणसं. सह्ल म्हणजे सपाट जमीन. मग हे अह्लन् आणि सह्लन् का झालं? शेवटी ‘अन्’ कुणी लावला?”

मी म्हटलं, “पद्धत आहे तशी.”

“पद्धत नाही,” ते म्हणाले. “इथे दोन क्रियापदं होती. ती गेली, पण जाताना खूण ठेवून गेली.”

अरबी नामाच्या शेवटी, मराठी विभक्तीसारखी, तीनपैकी एक खूण असते. वाक्यातला कर्ता, उद्देश्य आणि विधेय यांना उकार (उ किंवा उन्), त्याला रफ्अ म्हणतात. कर्माला आणि त्याच्या भाऊबंदांना अकार (अ किंवा अन्), तो नस्ब. संबंधी शब्द आणि शब्दयोगी अव्ययामागून येणारे यांना इकार (इ किंवा इन्), तो जर्र. प्रत्येक खुणेमागे ती लावणारा कुणीतरी असतो, त्याला ‘आमिल’ म्हणतात. हा शब्द ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण आपला ‘अंमल’ त्याच धातूतला. कोणत्या शब्दावर कुणाचा अंमल चालतो हे शोधणं म्हणजे इअराब. आणि वाक्य असं शब्दाशब्दाने सोडवायचं असतं, एकही शब्द वगळायचा नाही.

अह्लन्ला नस्ब आहे. इथे नस्ब लावायला क्रियापद लागतं. कागदावर ते नाही. म्हणजे ते गाळलेलं आहे, ‘महजूफ’. व्याकरणकार ते भरतात ते असं: ‘अतैत अह्लन् व वतिअ्त सह्लन्’, म्हणजे तू आपल्याच माणसांत आलास, सपाट जमिनीवर पाय ठेवलास. पायपुसण्यावर तो मजकूर किती चपखल बसला होता हे मला त्या दिवशी कळलं.

‘मजकूर’वरून आठवलं. महजूफच्या उलट शब्द ‘मज्कूर’, म्हणजे उल्लेख झालेला. आपण छापलेल्या सगळ्याच गोष्टीला मजकूर म्हणतो ते इथूनच आलेलं. विधेयाला ते ‘खबर’ म्हणतात, नामाला ‘इस्म’ (आपला पोलिसांच्या कागदातला इसम), आणि गाळलेला शब्द अंदाजाने भरण्याला ‘तक्दीर’. फारसीतून फिरत आपल्याकडे आलेली तकदीर नशिबाची झाली, व्याकरणातली मात्र अजून हिशोबाचीच आहे. आणि या सगळ्या खटाटोपाला संस्कृतच्या तासाला आपण काय म्हणत होतो? अध्याहार. अन्वय लावताना न दिसणारं पद बाहेरून आणायचं. आठवी ते दहावी मी ते केलं होतं, त्यामुळे हे आपल्याला जमेल असं वाटलं.

तिथेच पहिली चूक झाली.

उस्तादांनी सोपं वाक्य दिलं: ‘जैदुन् तबीबुन्’. जैद डॉक्टर. मी ऐटीत वहीत लिहिलं: येथे ‘आहे’ हे क्रियापद महजूफ, तक्दीर ‘यकूनु’. मराठीतही आपण ‘माझा भाऊ डॉक्टर’ म्हणतो आणि ‘आहे’ मनात ठेवतो, तसंच. उस्तादांनी लाल पेनाने ते सगळं खोडलं. म्हणाले, “तुझं क्रियापद घालून वाक्य पुन्हा म्हण बरं.”

घातलं. ‘यकूनु जैदुन् तबीबन्’. बोलता बोलताच जीभ अडखळली, कारण यकूनु आला की त्याची खबर नस्बमध्ये जाते. तबीबुन्चा तबीबन् होतो. पण मूळ वाक्यात तर स्पष्ट ‘उन्’ होता. म्हणजे यकूनु तिथे कधी नव्हताच. अरबी व्याकरणाच्या हिशोबाने हे वाक्य पूर्ण आहे. जैद हा मुब्तदा म्हणजे उद्देश्य, तबीब ही खबर, खातं चुकतं झालं. ‘आहे’ माझ्या डोक्यातलं होतं, त्यांच्या भाषेतलं नव्हतं.

लगेच दुसरं वाक्य: ‘जैदुन् फिद्दारि’. जैद घरात. मी आता शहाणा झालो होतो. लिहिलं: काही गाळलेलं नाही. पुन्हा लाल रेघ.

इथे मला खरंच राग आला. एकसारखीच दिसणारी दोन वाक्यं, एकात भरलं तर चूक, दुसऱ्यात नाही भरलं तर चूक. पण कारण ऐकलं तेव्हा पटलं. तबीब ही जैदबद्दलची खबर होऊ शकते, कारण जैद स्वतः तबीब आहे. पण जैद म्हणजे ‘घरात’ नव्हे. ‘घरात’ हे कुठल्यातरी असण्याला किंवा करण्याला चिकटलेलं असतं, ते एकटं उभं राहू शकत नाही. ते ज्याला चिकटलं तीच खरी खबर, आणि ती कागदावर नाही. भरायची तर ‘काइनुन्’ (असलेला) किंवा ‘इस्तकर्र’ (स्थिर झाला). पहिलं नाम, दुसरं क्रियापद. कोणतं, यावर जुन्या व्याकरणकारांचे वाद आहेत. तेराव्या शतकात, अंदलूसच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या, हायेन गावात जन्मलेल्या इब्न मालिक यांनी सगळं व्याकरण सुमारे हजार ओळींच्या पद्यात बांधलं, त्यात त्यांनी दोन्हींना मोकळीक दिली आहे. उस्तादांनी ती ओळ माझ्याकडून पाठ करून घेतली.

यात एक अट आहे आणि ती पुढे फार उपयोगी पडली. गाळता येतं ते नुसतं ‘असणं’. जैद घरात झोपलेला असेल तर ‘झोपलेला’ हा शब्द म्हणायलाच हवा, ऐकणाऱ्याला तो दुसरीकडून कळत नसेल तर. ज्याला सगळे धरून चालतात तेच गाळायचं. कुणाला अंदाज करता येणार नाही ते गाळलं तर तो हज्फ, म्हणजे रीतसर गाळणं, नव्हे, ते नुसतं अर्धवट बोलणं.

मी हिशोबनीस आहे. मग वहीत माझ्या पद्धतीने रकाने पाडले. शब्द, त्याची खूण, खूण लावणारा. खूण आहे पण लावणारा सापडत नाही, म्हणजे नोंद आहे पण व्हाउचर नाही. अशा प्रत्येक नोंदीपुढे चौथा रकाना: पुरावा. कारण व्हाउचर मनाने तयार करता येत नाही. पुराव्याला अरबीत दलील म्हणतात आणि तो दोन प्रकारचा असतो, बोलण्यातला आणि प्रसंगातला.

प्रसंगातल्या पुराव्याचं उदाहरण उस्तादांनी सीबवैहचं दिलं. आठव्या शतकातला हा माणूस, मूळचा इराणी, आणि अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ त्याचा. त्याच्या उदाहरणात कुणी निशाण्यावर नेम धरून उभा असतो आणि बघणारा म्हणतो, ‘अल्‌किर्तास वल्लाहि!’ किर्तास म्हणजे निशाणा. शेवटी अकार, नस्ब, म्हणजे ते कर्म आहे. ‘निशाणा, देवाशपथ!’ तक्दीर: ‘युसीबु’, निशाणा साधणार. आता तोच बघणारा पाठमोरा आहे, त्याने बाण रुतल्याचा आवाज फक्त ऐकला आणि तेच दोन शब्द म्हणाला. तक्दीर: ‘असाब’, निशाणा साधला. अक्षर न् अक्षर तेच, खूण तीच, पण एकात भविष्य आणि एकात भूतकाळ, आणि फरक सांगणारी गोष्ट फक्त बाणाचा आवाज. मला हे फार आवडलं. शिवाजी पार्कवर चेंडू हवेत असताना ‘कॅच!’ म्हणणारा आणि झेलल्यावर ‘कॅच!’ म्हणणारा, दोघं हेच करतात.

पण बोलण्यातल्या पुराव्याचं जे उदाहरण मी तीन आठवडे सोडवत बसलो, ते कुराणातलं आहे. अरबी व्याकरणात कुराणावाचून पान हलत नाही. सोळाव्या सूरेत, म्हणजे ‘अन्नह्ल’ या अध्यायात, एकच प्रश्न दोन गटांना विचारलेला आहे. ‘माजा अन्जल रब्बुकुम’, तुमच्या प्रभूने काय उतरवलं? चोविसाव्या आयतीत हा प्रश्न न मानणाऱ्यांना आहे. ते उत्तर देतात, ‘असातीरुल् अव्वलीन’, पूर्वजांच्या दंतकथा. तिसाव्या आयतीत तोच प्रश्न देवाला भिऊन वागणाऱ्यांना आहे. ते म्हणतात, ‘खैरन्’, चांगलं.

दोन्ही उत्तरं तुटक आहेत, दोन्हींत क्रियापद नाही. प्रश्नातलं ‘अन्जल’ (उतरवलं) समोरच पडलेलं आहे, म्हणून मी दोन्हीकडे तेच भरलं आणि पुढच्या वाक्याकडे निघालो.

“खुणा वाचल्यास का?” उस्ताद म्हणाले.

खैरन्ला ‘अन्’. नस्ब. अन्जल खैरन्, त्याने चांगलं उतरवलं. बरोबर जुळतं. असातीरु, ‘उ’. रफ्अ. आता त्याच्या आधी अन्जल ठेवला तर रफ्अमुळे असातीरु कर्ता होतो. दंतकथांनी उतरवलं! मी चक्क दंतकथांना देवाच्या जागी बसवलं होतं. कर्म हवं असतं तर ‘असातीर’ असा अकार लागला असता. तो लागलेला नाही, म्हणजे इथे क्रियापदाचा अंमल नाही. मग रफ्अ कुठून आला? ही खबर आहे आणि तिचा मुब्तदा गाळलेला आहे. तक्दीर: ‘हुव असातीरुल् अव्वलीन’, ते म्हणजे पूर्वजांच्या दंतकथा.

आता दोन्ही उत्तरं भरून शेजारी ठेवा. काय उतरवलं? ‘त्याने चांगलं उतरवलं.’ काय उतरवलं? ‘त्या दंतकथा आहेत.’ पहिल्याने प्रश्नातलं क्रियापद स्वीकारलं, उतरवलं गेलंय हे मान्य केलं आणि फक्त काय ते सांगितलं. दुसऱ्याने प्रश्नातल्या क्रियापदाला हातच लावला नाही. उतरवण्याचा प्रश्नच येत नाही, असं त्याचं म्हणणं. बाराव्या शतकातल्या जमख्शरी या भाष्यकाराने हाच भेद टिपला आहे. नकार कुठल्याच शब्दात नाही, तो एका उकारात आहे.

मी उस्तादांना म्हटलं, हे आमच्याकडेही होतं. ‘कुणाला बोलावलं?’ याला ‘दादाला’ असं उत्तर आलं, तर ‘ला’मध्ये बोलावलं आलंच. आणि कुणी नुसतं ‘दादा!’ म्हटलं तर ते उत्तर नव्हे, दारात दादा उभा आहे. ते हसले, पण सोडलं नाही. म्हणाले, “प्रश्नाकडेही बघ. ‘माजा’ हा एक शब्द धरलास तर ‘काय उतरवलं’. ‘मा’ आणि ‘जा’ असे दोन धरलेस तर ‘जे उतरवलं ते काय आहे’. दुसऱ्या अर्थाच्या प्रश्नाला रफ्अमधलं उत्तर सरळ बसतं. म्हणजे व्याकरणाने दोन्ही शक्य. पण एकाच प्रश्नाला शेजारी शेजारी दोन वेगळ्या खुणांची उत्तरं आली, तेव्हा भाष्यकार म्हणतात की हे उगाच नाही.” नुसत्या खुणेने कुठवर जाता येतं आणि कुठून पुढे वाचणाऱ्याची समज लागते, ती रेघ त्यांनी मला अशी दाखवली.

कधी खूणच मदत करत नाही. एकतिसाव्या सूरेत पंचविसाव्या आयतीत आहे: आकाश आणि पृथ्वी कुणी निर्माण केली असं त्यांना विचारलंस तर ते नक्की म्हणतील, ‘अल्लाहु’. उकार आहे, रफ्अ. पण रफ्अ कर्त्यालाही लागतो आणि मुब्तद्यालाही. ‘खलकहुन्न अल्लाहु’ (निर्माण केलं अल्लाहने) असं भरायचं, की ‘अल्लाहु खलकहुन्न’ (अल्लाह, त्याने निर्माण केलं) असं? पहिल्यात गाळलेलं आहे ते एकटं क्रियापद, दुसऱ्यात गाळलेली आहे ती खबर. मराठीत सांगताना फरक जाणवत नाही, पण इअराबाच्या वहीत दोन वेगळी वाक्यं आहेत, एक क्रियापदाने सुरू होणारं आणि एक नामाने.

इथे पुरावा दुसऱ्या पानावर सापडतो. त्रेचाळिसाव्या सूरेच्या नवव्या आयतीत तोच प्रश्न आहे, आणि तिथे उत्तर पूर्ण लिहिलेलं आहे: ‘खलकहुन्नल् अजीजुल् अलीम’. आधी क्रियापद, मग कर्ता. म्हणजे जिथे गाळलंय तिथेही तसंच भरायचं. चौदाव्या शतकातले कैरोचे व्याकरणकार इब्न हिशाम याच रीतीने निकाल देतात. मागच्या वर्षीचं व्हाउचर दाखवून यंदाची नोंद पास करण्यासारखं आहे हे. ऑडिटर चालवून घेईल का ते सांगता येत नाही, पण इब्न हिशाम चालवून घेतात.

दोन-तीन महिन्यांत मला भरण्याची चटकच लागली. जिथे तिथे काहीतरी गाळलेलं दिसायला लागलं. सोळाव्याच सूरेत पुढे, एक्याऐंशीव्या आयतीत, अंगरख्यांबद्दल आहे, ‘तुम्हाला उन्हापासून वाचवणारे’. मी समासात लिहिलं: महजूफ, ‘वल्‌बर्द’, आणि थंडीपासूनही. कपडे थंडीपासून वाचवत नाहीत का? मला तर हा शोध वाटला.

उस्तादांनी विचारलं, “क्रियापद आहे?” आहे. “कर्ता?” क्रियापदातच दडलेला. “कर्मं?” दोन्ही आहेत, तुम्हाला आणि उन्हाला. “मग कुठली खूण अनाथ आहे?”

एकही नाही. इब्न हिशामांनी नेमकं हेच उदाहरण घेऊन म्हटलं आहे की थंडी भरणं हे भाष्यकाराचं काम, व्याकरणात ते फाजील. व्याकरणाने मुब्तदा दिसला आणि खबर नाही, कर्म दिसलं आणि क्रियापद नाही, अशा वेळीच शोधायला निघायचं. आणि निघाल्यावरही कमीत कमी शब्दांत भागवायचं. त्या दिवसापासून मी वहीत वरच्या बाजूला ‘अनाथ कोण?’ असं लिहून ठेवलं. त्यानंतर माझ्या निम्म्याहून जास्त तक्दिरी मीच खोडल्या.

खुद्द अरबांतही या तक्दीरीला वैतागलेले लोक होते. बाराव्या शतकातले कुर्तुबाचे, म्हणजे स्पेनमधल्या कोर्दोबाचे, इब्न मदा हे काजी होते, त्यांनी व्याकरणकारांविरुद्ध एक पुस्तकच लिहिलं. त्यांचा एक मुद्दा मला उस्तादांपेक्षाही पटतो. ‘या अब्दल्लाहि!’ अशी हाक मारली तर अब्दच्या शेवटी नस्ब येतो. व्याकरणकार म्हणतात, इथे ‘अद्ऊ’ म्हणजे ‘मी हाक मारतो’ हे क्रियापद गाळलेलं आहे, आणि ‘या’ त्याच्या जागी आहे. इब्न मदा म्हणतात, मग घालून बघा ना ते क्रियापद. ‘मी अब्दुल्लाला हाक मारतो.’ ही हाक राहिली का? ही बातमी झाली. घातल्यावर जर वाक्याचा अर्थच बदलत असेल तर ते तिथे होतं असं कशावरून?

उस्तादांना मी हे विचारलं. त्यांनी चहा ओतला आणि म्हणाले, “ते खातेवहीतलं आहे, बाजारातलं नाही.” यापेक्षा जास्त उत्तर मिळालं नाही.

खरी फजिती कुराणावर झाली नाही, कारण कुराणात प्रत्येक उकार-अकार छापलेला असतो. फजिती वर्तमानपत्रावर झाली. एरवीच्या छापील अरबीत या खुणा सहसा लिहीत नाहीत. देवनागरीत उकार दिला की दिला, तिथे तो वाचणाऱ्याने मनाने घालायचा. त्यातल्या त्यात एक आधार असतो: ‘अन्’ लागला की बहुतेक शब्दांच्या शेवटी अलिफ लिहावा लागतो. म्हणून अह्लन्, शुक्रन्, अफ्वन्, खैरन् हे खुणा नसल्या तरी ओळखू येतात. बाकी सगळं अंधारात.

ऑफिसात एका आगीच्या बातमीचं कात्रण विम्याच्या फायलीत लावायचं होतं आणि साहेबांना त्याचा इंग्रजी मथितार्थ हवा होता. मी पुढे झालो. वाक्य साधारण असं होतं: ‘लौला’, मग त-द-ख-ल ही चार अक्षरं, मग ‘रिजालुल् इत्फा’ म्हणजे अग्निशमन दलाची माणसं, आणि शेवटी इमारत जळाली असं काहीतरी.

मी वाचलं ‘तद्खुलु’, आत शिरतात. लौलाच्या मागून असं वर्तमानकाळी क्रियापद आलं की अर्थ होतो ‘का बरं करत नाही’, आग्रह किंवा टोचणी. हे मला नव्याने शिकून झालेलं होतं, आणि नवं शिकलेलं वापरायची घाई असते. मी लिहिलं: अग्निशमनवाले आत का शिरत नाहीत, इमारत जळाली! विम्याच्या फायलीत ही तक्रार म्हणजे चांगलाच घोळ. सुदैवाने पाठवण्याआधी एक गोष्ट खटकली. ‘जळाली’ याच्या आधी एक ‘ल’ चिकटलेला होता, ‘लह्तरक’. तक्रारीत त्या ‘ल’ला काही काम नव्हतं. तो अनाथ होता.

संध्याकाळी फोन केला. उस्ताद म्हणाले, “तो ल म्हणजे लौलाचं उत्तर. उत्तर आहे म्हणजे ही टोचणी नव्हे, ही अट आहे. आता मागे जा. अटीच्या लौलानंतर काय येतं?”

नाम, रफ्अमध्ये. म्हणजे ती चार अक्षरं ‘तद्खुलु’ नव्हतीच. ती ‘तदख्खुलु’ होती, हस्तक्षेप. तदख्खुलु रिजालिल् इत्फा, अग्निशमन दलाचा हस्तक्षेप. मी ‘रिजालु’ वाचला तिथेही खरं तर ‘रिजालि’ होता.

“हा मुब्तदा झाला. खबर कुठे?”

कागदावर नाही. लौलानंतर ती जवळजवळ नेहमीच गाळलेली असते, आणि नुसतं असणं सांगायचं असेल तर गाळावीच लागते. तक्दीर ‘मौजूदुन्’. अग्निशमन दलाचा हस्तक्षेप ‘झालेला’ नसता तर इमारत जळाली असती. म्हणजे इमारत वाचली होती, आणि मी ती जाळून वर अग्निशमनवाल्यांना दोष देऊन मोकळा झालो होतो. मौजूद हा शब्द वाक्यात कुठेही नव्हता, कुठल्याही अरबी वर्तमानपत्रात तो तिथे छापला जाणारही नाही. पण त्याची जागा रिकामी आहे हे माहीत नसल्यामुळे मी त्या जागेवर भलतंच क्रियापद आणून बसवलं. तेव्हापासून लौला दिसला की मी डोळ्यांनी आधी पुढचा ‘ल’ शोधतो. तो सापडला की मागची चार अक्षरं नाम म्हणूनच वाचतो, मग ती कशीही दिसोत.

उस्ताद गेल्या हिवाळ्यात कैरोला परतले. त्याआधीच्या एका गुरुवारी शिकवणी आटोपून आम्ही रुवीत रस्ता ओलांडत होतो. मी मोबाइलमध्ये बघत होतो. ते एकदम ओरडले, “अस्सय्यारा! अस्सय्यारा!” आणि माझी बाही धरून मागे खेचलं. पांढरी लँड क्रूझर हातभर अंतरावरून गेली. मी फुटपाथला टेकून उभा राहिलो, छाती धडधडत होती.

ते म्हणाले, “रफ्अ की नस्ब?”

बोलताना शब्दाच्या शेवटी थांबलं की खूण गळून पडते, तेव्हा ती मला ऐकू आली नव्हती. तीही भरायची होती. “नस्ब,” मी म्हटलं.

“आमिल?”

“इह्जर. सांभाळ. महजूफ.”

“गाळलंच पाहिजे, की गाळलं तरी चालेल?”

मी जरा विचार केला. सावध करताना शब्द एकदाच म्हटला तर क्रियापद ठेवलं तरी चालतं. दोनदा म्हटला की दुसरा शब्दच क्रियापदाची जागा घेतो आणि मग ते घालता येत नाही.

“दोनदा ओरडलात,” मी म्हटलं. “गाळलंच पाहिजे.”

“शाबास,” म्हणाले, आणि बाही सोडली.